पाणी ओसरल्यावरचा निरोप

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी होती. त्याच रात्री चिपळुणात पाऊस थांबेना आणि गुरुवारी, २२ तारखेला, वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. आमच्या धाकट्या बहिणीचे सासर तिथल्याच एका सखल मोहल्ल्यात. खेडमध्येही जगबुडीने हाहाकार केला होता, म्हणून दापोलीहून निघायचे तर रस्ताच उरला नव्हता. पाणी ओसरले, वाट मोकळी झाली, तेव्हा आम्ही पोहोचलो. दारात गुडघाभर चिखल आणि उलटा पडलेला फ्रीज. फ्रीजमध्ये कुर्बानीचे गोश्त होते. नातेवाइकांकडे पोहोचवायचे राहिलेले ते हिस्से वीज गेल्यावर तसेच सडले होते. त्या वासाची आठवण आजही नको वाटते.

आठवड्याभरात मोहल्ल्याने ठरवले की मदतीला आलेल्यांचा शुक्रिया अदा करणारा एक निरोप लिहायचा. जुम्याला मशिदीत वाचायचा, फोनवरही पाठवायचा. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे, म्हणून दुल्हेभाईंनी कागद आमच्यापुढे ठेवला. "मास्टर, जरा भाषा बघून द्या," म्हणाले. भाषा ठीकच होती. चूक दुसरीकडे होती.

कागदावर सुरुवातीला मोठ्या मंडळींची नावे होती, मग देणग्या देणाऱ्या संस्था, मग 'आमचे जांबाज नौजवान', आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार'. आम्ही बहिणीला विचारले, "ते सडलेले गोश्त घरातून कोणी उचलले?" ती म्हणाली, "बाहेरगावाहून सफाई कामगार आले होते. तोंडाला फडके बांधून दोन तास उपसत होते. चहा विचारला तर म्हणाले, आधी पुढची गल्ली." ते लोक कागदावर कुठे होते? त्या 'अज्ञात' शब्दात.

माणसांचा शुक्र अदा करणे हा अल्लाहचा शुक्र अदा करण्याचाच भाग आहे, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून सांगितले जाते. पण ज्याच्या हाताला आपल्या घराचा चिखल लागला त्याला 'अज्ञात' म्हणून मोकळे व्हायचे, तर तो शुक्र कसला? आम्ही तो कागद बाजूला ठेवला आणि नवी यादी करायला बसलो. या वेळी मानाच्या क्रमाने नाही, तर वेळेच्या क्रमाने. पाणी चढताना कोण होते? पाणी भरलेले असताना कोण आले? ओसरल्यावर पहिल्या दिवशी कोण, आणि नंतरच्या आठवड्यात कोण?

वेळ धरून आठवायला लागल्यावर माणसे आपोआप पुढे आली. पहाटे दारे ठोठावून लोकांना वरच्या मजल्यावर पाठवणारी दोन पोरे. बाहेरची बचाव पथके पोहोचायला वेळ लागला, कारण रस्तेच पाण्याखाली होते. तोवर शेजारच्या वाडीतल्या होडीवाल्यांनी म्हाताऱ्यांना आणि एका बाळंतिणीला बाहेर काढले. ते आपल्या जमातीचे नव्हते, आणि पहिल्या कागदावरून सुटण्याचे एक कारण हेही होते, असे दुल्हेभाईंनीच कबूल केले.

पुरुषांच्या आठवणीत होड्या आणि ट्रक होते. म्हणून आम्ही बायकांनाही विचारले. त्यांच्या आठवणीत वेगळीच माणसे निघाली. समोरच्या इमारतीतल्या वहिनी, ज्यांनी दुसऱ्या मजल्यावर आपला गॅस पेटता ठेवून चार घरांना भात घातला. आशाताई, ज्या चिखलातून घरोघर लेप्टोच्या गोळ्या देत आणि पायाला जखम आहे का ते बघत फिरल्या. आणि खांबावर चढलेले वायरमन. यांच्याबद्दल आम्हा दापोलीकरांच्या मनात आधीच एक सल होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पत्रे आणि धान्य देणाऱ्यांचे आभार आम्ही मानले. पडलेले खांब पावसात उभे करणाऱ्यांचे राहून गेले.

मग प्रश्न आला नावांचा. ज्यांनी होकार दिला त्यांचीच नावे घालायची, असे ठरले. एका व्यापाऱ्याने दिलेली मदत त्यांच्या नियतीनुसार गुप्त ठेवायची होती, तिथे 'एक साहेब' एवढेही लिहिले नाही, नुसती वस्तू लिहिली. मदत घेणाऱ्या घरांची नावे पूर्ण गाळली. सोबत जायचा फोटोही काढून टाकला. त्यात एक बाई धान्याचे किट घेताना खाली मान घालून उभी होती. तिच्या मुलीला उद्या शाळेत तो फोटो कोणी दाखवला तर?

आलेले सामान ही अमानत होती, म्हणून काय आले आणि कुठे गेले ते लिहिले. देणाऱ्याला 'आपले योगदान अनमोल' यापेक्षा 'तुमच्या गाद्या तळमजल्यावरच्या घरांत गेल्या' हे कळणे जास्त मोलाचे वाटते. अजून काय हवे, ती मागणी मात्र या निरोपात ठेवली नाही. आभाराच्या शेवटी मागणी आली की आभारही मागणीसारखेच वाचले जातात. ती दुसऱ्या दिवशी वेगळी पाठवली.

पहिला कागद उर्दूत होता. होडीवाले, वायरमन, सफाई कामगार, आशाताई यांच्यापर्यंत तो पोहोचणार कसा? म्हणून निरोप मराठीत लिहिला. नावे वगळून तो असा होता:

"गुरुवारी पहाटे आमची दारे ठोठावणाऱ्या मुलांनो, तुमच्यामुळे आमची म्हातारी माणसे वेळेत वर गेली. वाडीतल्या होडीवाल्या भावांनो, तुम्ही स्वतःची घरे पाण्यात सोडून आमच्याकडे आलात. समोरच्या वहिनी, तुमचा भात आमची मुले विसरणार नाहीत. बाहेरगावच्या सफाई कामगार बंधूंनो, आमच्याच्याने बघवत नव्हते ते तुम्ही हातांनी उचललेत. वायरमन दादा, आशाताई, तुम्ही रोज आलात. आलेल्या गाद्या, भांडी, धान्य तळमजल्यावरच्या घरांना आधी दिले. हिशोबाची वही मशिदीत आहे, कोणीही पाहावी. कोणी राहून गेले असेल तर आम्हाला सांगा, आम्ही घरी येऊन आभार मानू. अल्लाह तुम्हा सर्वांना याचे उत्तम फळ देवो."

३० जुलैच्या जुम्याला तो वाचला गेला. त्याची सही-तारखेसह एकेक प्रत वीज कार्यालयात, आरोग्य केंद्रात आणि सफाई पथक ज्या नगरपालिकेचे होते तिथे पाठवली. फोनवरचा निरोप चार दिवसांत खाली जातो. कागद मात्र साहेबांच्या टेबलावर पोहोचतो आणि काम करणाऱ्याचे काम वरच्यांना कळते.

शेवटची ओळ खरी ठरली. दोनच दिवसांत एका म्हाताऱ्या चाचींनी निरोप धाडला की दूधवाला राहिला. रस्ता बंद असताना तो डोक्यावर किटली घेऊन चालत आला होता आणि त्याने त्या आठवड्याचे पैसे घेतले नव्हते. दुल्हेभाई त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो आधी घाबरलाच, त्याला वाटले दुधाची काही तक्रार आहे.