पॅकेज सहा लाखांचं, हातात किती?

प्लेसमेंटच्या नोटीस बोर्डावर ‘६ लाख’ वाचलं की आपण लगेच बाराने भागतो आणि महिना ५० हजार धरून एज्युकेशन लोनचा हप्ता ठरवतो. घोळ इथेच होतो. ६ लाख म्हणजे सीटीसी, अर्थात कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा खर्च. तो पगार नव्हे!

समजा, बेसिक महिना २५,००० आहे. कंपनी पीएफमध्ये भरते ते १२ टक्के, म्हणजे वर्षाला ३६,००० सीटीसीतच धरलेले असतात. ग्रॅच्युइटीचे सुमारे १४,४०० आणि व्हेरिएबल पेचे, समजा, ६०,००० हेही त्यातच. हे वजा केल्यावर उरतात ४,८९,६००, म्हणजे महिना ४०,८००. हा झाला ग्रॉस. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स २०० कापला की खात्यात जमा होतात ३७,६००. नवीन करप्रणालीत एवढ्या पगारावर इन्कम टॅक्स बसत नाही, तरीही ही तफावत!

पीएफ बुडत नाही, दोन्ही वाटे तुमचेच. पण ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच मिळते, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळेलच याची हमी नाही. म्हणून ऑफर लेटरचं शेवटचं पान, सॅलरी ब्रेकअप, आधी वाचा. माझं तर म्हणणं, प्लेसमेंट सेलने बोर्डावर पॅकेजशेजारी दरमहाचा इन-हँड आकडाही लावावा. हप्ता त्यातूनच जाणार आहे ना!