विश्लेषण : पुराच्या पाण्यात इंजिन गेले, विमा दावा फेटाळला; उत्तराच्या पत्रात काय लिहावे?

१७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात पाऊस असा कोसळला की हसनाळ, रावणगाव, भासवाडी ही गावे पहाटेपर्यंत पाण्याखाली गेली आणि मदतीसाठी लष्कराला बोलवावे लागले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत पुन्हा पूर आला. जीवितहानी, पिके, जनावरे आणि घरांचे पंचनामे ही त्या वेळची मोठी बातमी होती. पाणी ओसरल्यावर मात्र गॅरेजांच्या आवारात आणखी एक भांडण सुरू होते, आणि दर पावसाळ्यात ते नव्याने सुरू होते. गाडी पाण्यातून जाताना बंद पडली, इंजिन उघडावे लागले, आणि विमा कंपनीचे पत्र आले : ‘इंजिनाचे नुकसान हे परिणामी नुकसान असल्याने पॉलिसीच्या कक्षेत येत नाही.’

हे पत्र हातात पडले की बहुतेक गाडीमालक गप्प बसतात. काही जण रागाने चार ओळी लिहितात, त्यात हप्ता किती वर्षे भरला हे असते, पण इंजिन कसे बिघडले हे नसते. खरा वाद तर तिथेच आहे.

इंजिनात पाणी गेल्यावर काय होते?

इंजिन हवा ओढते. बहुतेक मोटारींत ही हवा बोनेटखालच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये येते आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. पाणी त्या नळीच्या तोंडापर्यंत चढले, किंवा समोरून येणाऱ्या ट्रकने लाट उसळवली, तर हवेबरोबर पाणीही ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. फरक एवढाच आहे, पण सगळा खर्च त्यातूनच उभा राहतो.

किती पाणी पुरते, हे पाहण्यासारखे आहे. ११९७ सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ३०० सीसी येतात. दाबाचे प्रमाण अकरास एक धरले, तर पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा उरलेली जागा साधारण ३० सीसी असते, म्हणजे स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे. डिझेल गाडीत ती याहूनही कमी. त्या जागेपेक्षा जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचूच शकत नाही. खालून क्रँकशाफ्ट मात्र त्याला ढकलतच असतो. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉकला भोक पाडतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. हे सगळे क्षणार्धात होते. चालकाला एक ठोका ऐकू येतो आणि गाडी जागीच थांबते.

कंपनी काय म्हणते?

खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत कोणत्या संकटांपासून संरक्षण आहे याची यादी असते. त्यात आग, चोरी, भूकंप यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचणे स्पष्ट लिहिलेले असते. त्याखाली अपवाद येतात : परिणामी नुकसान, घसारा, झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड. कंपनीचा युक्तिवाद असा, की पुराने सीट, कार्पेट, वायरिंग भिजले ते भरून देऊ. पण रॉड वाकला तो इंजिन चालू होते म्हणून, पुरामुळे नव्हे. शिवाय इंजिनासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे जोड-संरक्षण आम्ही विकतो, ते तुम्ही घेतलेले नाही.

हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. परिणामी नुकसान म्हणजे गाडी मोडल्यामुळे पुढे सोसावा लागणारा तोटा : गाडी गॅरेजमध्ये असताना दिलेले टॅक्सीचे भाडे, बुडालेला धंदा. इंजिन हे त्या गाडीचाच भाग आहे. त्याचे मोडणे हे मूळ नुकसान आहे, नुकसानीतून निघालेला तोटा नव्हे. यांत्रिक बिघाड हा शब्दही आतून उद्भवलेल्या दोषासाठी आहे. टायमिंग बेल्ट तुटणे हा यांत्रिक बिघाड; बाहेरून शिरलेल्या पाण्याने रॉड वाकणे नाही. आणि जोड-संरक्षण विकायला ठेवले आहे, एवढ्याने मूळ पॉलिसीतला ‘पूर’ हा शब्द आकसत नाही. इंजिनात शिरलेले पाणी वगळायचेच असेल तर कंपन्यांनी ते अपवादांच्या यादीत सरळ शब्दांत छापावे. ते न करता ‘परिणामी’ या एका सैल शब्दावर लाखभराचा दावा नाकारणे रास्त नाही.

गोव्याच्या कारखान्याचा निकाल इथे कसा लागू पडतो?

गाडीमालकाच्या बाजूचे सर्वात उपयोगी उदाहरण मोटारीचे नाहीच. गोव्यातील झुआरी इंडस्ट्रीजच्या खत कारखान्यात १९९९ साली स्विचबोर्डमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली. वीज गेली, बॉयलरला होणारा पुरवठा थांबला, पण तापलेले वायू येतच राहिले आणि बॉयलरचे नुकसान झाले. विमा आगीचा होता. न्यू इंडिया अॅश्युरन्सचे म्हणणे, बॉयलर आगीने जळालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते मान्य केले नाही. नुकसानीचे निकटचे कारण म्हणजे वेळेच्या दृष्टीने सर्वात शेवटचे कारण नव्हे. ज्या प्रभावी कारणाने घटनांची साखळी सुरू झाली आणि मध्ये कुठलेही नवे, स्वतंत्र कारण आले नाही, ते निकटचे कारण, असे सूत्र तिथे वापरले गेले.

मुखेडच्या रस्त्यावरची साखळी याच पद्धतीने मांडता येते. पूर आला, पाणी रस्त्यावर चढले, ते हवेच्या नळीत गेले, सिलिंडरमध्ये पोहोचले, रॉड वाकला. या साखळीत पुराखेरीज बाहेरचे दुसरे काही नाही. इंजिन चालू होते हे खरे, पण रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन चालूच असते.

मग अडते कुठे?

चालकाने गाडी बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला का, या प्रश्नावर.

इथे गाडीमालकांची बाजू नेहमीच स्वच्छ असते असे नाही. पाण्यात गाडी बंद पडली की दहापैकी आठ जणांचा हात आधी चावीकडे जातो. पॉलिसीच्या चौथ्या अटीनुसार गाडीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घ्यावी लागते, आणि बिघाडानंतर दुरुस्तीआधीच गाडी चालवली तर वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर असते. कंपनी याच अटीवर बोट ठेवते. पण अट ‘वाढलेल्या’ नुकसानीपुरती आहे. पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झालेला असला तरी आधी शिरलेले पाणी, इंजिनाची सफाई, ऑइल बदलणे, भिजलेले भाग यांचा दावा शिल्लक राहतो. सरसकट नकार तेव्हाही चुकीचा ठरतो.

खरे काय घडले, हे इंजिन बऱ्याच अंशी स्वतः सांगते. चालू इंजिनात गती आणि फ्लायव्हीलचा जोर असतो, त्यामुळे रॉड जास्त वाकतो किंवा तुटतो. नुसत्या स्टार्टरने बहुधा इंजिन अडकून राहते, रॉड वाकला तरी थोडा. थोडा वाकलेला रॉड मात्र दोन्ही प्रकारे होऊ शकतो, तेव्हा सिलिंडरच्या भिंतीकडे पाहावे लागते. पिस्टन वर थांबतो तिथे कार्बनचा पट्टा असतो. रॉड वाकल्यावर पिस्टन थोडा खालीच थांबतो. त्या स्थितीत इंजिन काही काळ चालले असेल तर पट्टा खाली रुंदावतो. पट्टा अरुंदच असेल तर वाकलेल्या रॉडसह इंजिन चाललेले नाही. म्हणजेच ते वाकणे आणि गाडीचे थांबणे एकाच वेळचे, या म्हणण्याला बळ मिळते.

म्हणून इंजिन सर्व्हेअरच्या समोरच उघडावे. ओला एअर फिल्टर, त्याच्या डब्यात साचलेला काळ्या मातीचा गाळ, दुधाळ झालेले ऑइल, चारही पिस्टनची उंची आणि सिलिंडरची भिंत यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. काही दिवसांत गंज चढतो आणि मग कोणीही काहीही म्हणू शकतो.

पत्राचा गाभा कसा असावा?

समजा, उदगीरहून मुखेडकडे रात्री निघालेली साडेतीन वर्षांची पेट्रोल गाडी नळकांडी पुलावर चढली, पाणी अचानक वाढले, गाडी ठोका देऊन थांबली आणि सकाळी टो करून गॅरेजला नेली. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिण्याच्या पत्राचा मधला भाग असा असू शकतो :

‘पॉलिसीच्या पहिल्या विभागात पूर हे संरक्षित संकट आहे. त्या रात्री या मंडळात अतिवृष्टी झाल्याची नोंद व तलाठ्याचा पंचनामा सोबत आहे. पुलावर चढताना पाणी कमी होते, रस्ता बंद असल्याचा फलक किंवा अडथळा नव्हता. गाडी चालू असतानाच पाणी हवेच्या नळीतून आत गेले व इंजिन थांबले. त्यानंतर स्टार्टर मारलेला नाही. टो करणाऱ्याची पावती व वेळ सोबत आहे. तिसऱ्या सिलिंडरचा रॉड वाकलेला असून भिंतीवरील कार्बनचा पट्टा रुंदावलेला नाही, हे सर्व्हेअरसमोर काढलेल्या फोटोंत दिसते. त्यामुळे नुकसानीचे निकटचे कारण पूर हेच आहे. स्वतंत्र यांत्रिक बिघाड होता असे आपले म्हणणे असेल, तर तो कोणता व कोणत्या भागात, हे सर्व्हे अहवालाच्या प्रतीसह कळवावे.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची असते. तिने नकाराच्या पत्रात जे कारण दिले त्यापलीकडचे नवे कारण ती नंतर आणू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे फोनवरचा नकार स्वीकारू नये, तो लेखी घ्यावा. सर्व्हेअरचा अहवाल अंतिम शब्द नसतो, हेही २००९ च्या प्रदीप कुमार निकालापासून स्पष्ट आहे.

‘पाण्यात गाडी घातलीच कशाला’ या आक्षेपालाही पत्रात उत्तर असावे. चालकाची साधी चूक झाली म्हणून विमा नाकारायचा, तर अपघाताचा एकही दावा मंजूर होणार नाही. बॅरिकेड बाजूला सारून पुलावर गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला हे पत्र फारसे तारणार नाही.

दावा मान्य झाला तर किती मिळते?

पूर्ण बिल मिळत नाही. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापला जातो, मजुरीवर नाही. वरच्या उदाहरणात भाग ८० हजारांचे आणि मजुरी २५ हजार धरली, तर ६० अधिक २५ म्हणजे ८५ हजार, त्यातून सक्तीची वजावट एक हजार. हातात ८४ हजार येतात.

पत्राला महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे एका वर्षात जाता येते. नांदेड-लातूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, शुल्क नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र आयोगात प्रकरण दाखल केल्यावर त्याच तक्रारीसाठी लोकपालाचे दार बंद होते, त्यामुळे बहुतेकांसाठी आधी पुणे, मग आयोग हा क्रम सोयीचा पडतो.