मोडलेल्या ठेवीचे खरे व्याज

मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास ठरलेल्या दरातून केवळ दंडाचा एक टक्का जातो, ही समजूत चुकीची आहे. कारण अनेक बँका ठेव प्रत्यक्ष जितका काळ राहिली तितक्या मुदतीसाठी ठेवीच्या दिवशी असलेला दर आणि ठरलेला दर यांपैकी कमी दर धरतात व दंड त्यातून वजा करतात. समजा, एक लाख रुपये तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले आणि त्या दिवशी एका वर्षाचा दर ६.५ टक्के होता, तर वर्षाअखेर ठेव मोडणाऱ्याला ५.५ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, ७,१८६ ऐवजी ५,६१४ रुपये व्याज मिळते. हा हिशेब ठेवपावतीवरच छापणे बँकांना बंधनकारक असायला हवे.