चार ओळींचा अर्ज आणि एक तारीख

पेढीवर माणूस ठेवायचा तर पूर्वी कोणाचा तरी शब्द पुरेसा असे. नात्यातील वडीलधारे किंवा बाजारातील परिचित "हिशेबाला चोख आहे" एवढे सांगत आणि जागा भरली जाई. आज ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील व्यापारी आपली गरज भ्रमणध्वनीवर लिहितो. ती समाजाच्या आणि व्यापाऱ्यांच्या गटांतून डोंबिवली, कल्याणपर्यंत पोहोचते. अखेरीस सूचना असते : "थोडक्यात माहिती व कधीपासून येऊ शकाल ते थेट या क्रमांकावर कळवावे. फोन करू नये." येथे मध्यस्थ कोणीच नाही. जो शब्द पूर्वी दुसरा कोणी देई, तो आता उमेदवाराने स्वतःच चार ओळींत द्यायचा असतो.

उदाहरणादाखल डोंबिवली पूर्वेतील एक तरुणी घ्यावी. वाणिज्य शाखेची पदवी, कल्याणच्या एका पेढीत तीन वर्षे हिशेबाचे काम. ठाण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याला टॅली आणि जीएसटी जाणणारी व्यक्ती हवी आहे, असे तिला 18 जुलैला कळते. मनात पहिला विचार येतो तो "नमस्कार सर, जागा आहे का?" असे विचारून उत्तराची वाट पाहण्याचा. बहुतेक अर्ज येथेच बुडतात. व्यापाऱ्याच्या पडद्यावर अनोळखी क्रमांकांची रांग लागलेली असते आणि संदेश न उघडता त्याला प्रत्येकाचे केवळ पहिले काही शब्द दिसतात. ते शब्द नमस्कारातच संपले, तर तो संदेश उघडण्याचे कारणच उरत नाही. पाच तुकड्यांत पाठवलेली माहिती, ध्वनिमुद्रित निवेदन किंवा मजकुराविना जोडलेला बायोडाटा यांची गतही तीच होते.

पहिल्या ओळीत जागेचे नाव आणि त्या जागेला लागणारे काम यावे. दुसऱ्या ओळीत त्या कामाचा एक मोजता येणारा दाखला असावा. "मेहनती व प्रामाणिक आहे" हे प्रत्येकजण लिहितो. त्यावरून व्यापाऱ्याला काही कळत नाही. त्याची खरी अडचण वेगळी असते. पुरवठादाराने आपल्या विवरणात बिल दाखवले नाही, तर ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-2बी मध्ये उतरत नाही आणि त्या बिलावरील कराची वजावट अडकते. हे पत्रक दरमहा 14 तारखेला तयार होते आणि जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत भरायचे असते. मधल्या सहा दिवसांत खरेदीची बिले जुळवून, राहिलेल्या बिलांसाठी पुरवठादारांच्या मागे लागणारी व्यक्ती त्याला हवी असते. त्या तरुणीने हे काम केले आहे. तेच तिने लिहावे.

तिसरी ओळ उपलब्धतेची. तिच्यावरच उमेदवाराच्या शब्दाची पारख होते. जागा हातची जाईल या भीतीने अनेकजण "लगेच येऊ शकतो" असे लिहितात. मग प्रत्यक्ष भेटीत तीस दिवसांची पूर्वसूचना बाहेर येते आणि पहिलाच शब्द खोटा ठरतो. कोणी तो शब्द राखण्यासाठी जुनी पेढी महिन्याच्या मध्यावर सोडतो. तेथील विवरण अर्धवट राहते आणि अनुभवाचा दाखला अडतो. वास्तविक उमेदवाराने आपले नियुक्तिपत्र उघडून दिवस मोजावेत. या तरुणीच्या पत्रात तीस दिवस आहेत. निवड लेखी कळल्यावरच ती राजीनामा देणार. तो 22 जुलैला दिला, तर तीस दिवस 21 ऑगस्टला पुरे होतात. त्याआधी, 20 तारखेला, जुन्या पेढीचे जुलैचे विवरण तिच्याच हातून भरले जाते. नव्या पेढीत ती 22 ऑगस्टला रुजू झाली, तर ऑगस्टच्या विक्रीचे विवरण देण्याच्या 11 सप्टेंबरपूर्वी तिला तेथील वह्या समजून घ्यायला जवळजवळ तीन आठवडे मिळतात. व्यापाऱ्याला ही तारीख लांबची वाटली, तरी त्यामागचा हिशेब त्याला चटकन उमगतो.

मग तिचा संदेश असा होतो :

"ठाण्यातील हिशेबाच्या जागेसाठी : टॅली व जीएसटीचा 3 वर्षांचा अनुभव. नमस्कार. दरमहा सुमारे 180 खरेदी बिले 2बी शी जुळवून, राहिलेल्या बिलांची यादी 16 तारखेपर्यंत पुरवठादारांना पाठवते. राहणार डोंबिवली पूर्व. पूर्वसूचना 30 दिवस. निवड 22 जुलैपर्यंत कळल्यास 22 ऑगस्टपासून, सकाळी 10 ते सायंकाळी 6.30 येऊ शकेन. भेटीसाठी कोणत्याही दिवशी सायंकाळी 7.30 नंतर अथवा रविवारी. निवडीपूर्वी सध्याच्या पेढीशी संपर्क करू नये, ही विनंती."

शेवटची विनंती अनावश्यक नव्हे. ठाणे ते कल्याण हा बाजार लहान आहे. जागा देणारा आणि सध्याचा मालक एकमेकांच्या ओळखीचे निघू शकतात. त्याच कारणाने पुराव्यादाखल जुन्या पेढीच्या खातेवहीची छायाचित्रे कधीही पाठवू नयेत. जो उमेदवार आजच्या मालकाचे पुरवठादार आणि भाव उघड करतो, तो उद्या आपलेही करील, हे व्यापारी न सांगता ताडतो. नमुना मागितलाच, तर काल्पनिक नावांची खाती तयार करून दाखवावीत.

वेळेचा आणखी एक प्रश्न आपल्या घरांत येतो. डिसेंबरात या भागात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो आणि चौविहार पाळणाऱ्यास साडेसहाला सुटून डोंबिवलीत जेवणे शक्य नसते. साडेपाचला डब्यासाठी पंधरा मिनिटे लागतील, किंवा पर्युषणात अमुक दिवस रजा लागेल, हे पहिल्या संदेशात लिहिण्याची गरज नाही. परंतु तारीख पक्की होण्यापूर्वी भेटीत जरूर सांगावे. रुजू झाल्यानंतर सांगितलेली अट सवलत मागितल्यासारखी दिसते.

संदेश पाठवण्यापूर्वी समोरचा कोण, हेही पाहावे. संदेशात केवळ पेढीचे नाव असेल, तर पत्ता आणि जीएसटी क्रमांक विचारावा. महाराष्ट्रातील क्रमांक 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यास पेढीचे नाव, नोंदणीची तारीख व ती चालू आहे की रद्द झाली, हे दिसते. अर्थात खऱ्या पेढीचा क्रमांक लबाडही वापरू शकतो. म्हणून भेट त्या नोंदलेल्या पत्त्यावरच ठरवावी. नोंदणी शुल्क, अनामत किंवा ओटीपी मागितला, तर संभाषण तेथेच थांबवावे. पैसे गेले असल्यास 1930 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

पुढचे दोन कामाचे दिवस थांबावे. उत्तर आले नाही, तर एकदाच, एका ओळीत विचारावे : "18 तारखेच्या अर्जाबाबत, 22 ऑगस्टची तारीख अजून कायम आहे." त्यानंतरही मौन असेल, तर ते उत्तरच समजावे. मात्र राजीनाम्याचा दिवस पुढे गेला, तर रुजू होण्याची तारीखही तितकीच पुढे जाते, आणि तसे आपणहून कळवणे हा उमेदवाराचा धर्म आहे. मध्यस्थाविना दिलेल्या शब्दाला त्याखेरीज दुसरा जामीन नसतो.