माडाची सूर, काजूची फेणी

फेणी म्हटले की गोव्याबाहेरील माणसास एक उग्र वास तेवढा आठवतो. वस्तुतः फेणी दोन प्रकारची: माडाची आणि काजूची. माड हा येथला जुना रहिवासी; काजू मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला.

माडाच्या न उमललेल्या पोयीस आवळून बांधतात, हलकेच ठोकतात आणि तिचे टोक कातीने पातळ कापतात. मग थेंबथेंब रस मडक्यात झिरपतो. हीच सूर, आणि ती काढणारा तो रेंदेर. पहाटेची सूर गोड असते. दुपारपर्यंत ती फसफसते, आंबटते आणि ठेवून दिल्यास तिचा शिरका होतो. सान्नांचे पीठ फुगते ते हिच्याच बळावर. हीच सूर भट्टीवर चढविली की माडाची सौम्य फेणी होते.

काजूचे काम फाल्गुन-चैत्रात चालते. बोंडे झाडावरून तोडावयाची नाहीत. पिकून आपोआप गळालेलीच वेचावयाची. कच्च्या बोंडाच्या रसात गोडवा कमी, तुरटपणा अधिक. बी पिळून वेगळी केल्यावर बोंडे दगडी कुंडात पायांनी तुडवितात. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, त्यास वेलींनी आवळून वर जड धोंडा ठेवतात. त्यातून निथळतो तो स्वच्छ, मधुर नीरो. तो ताजाच प्यावा.

तुडवून निघालेला रस मातीच्या भांड्यात सुमारे तीन दिवस आंबतो. बाहेरचे किण्व घालावे लागत नाही. फळाच्या सालीवरचे आणि भांड्यातले पुरते. फसफस ओसरली की रस भट्टीसाठी तयार झाला असे समजावे. त्यापुढे थांबल्यास आंबटपणा वाढतो. भट्टीवर आंच मंद हवी. जाळ भडकला तर रस उतू जाऊन नळीत शिरतो आणि करपट वास येतो. वाफ थंड होऊन प्रथम हाती येते ती हुर्राक: हलकी, फळाच्या गंधाची. ती फार टिकत नाही, म्हणून हंगामातच संपते. हुर्राकीत आंबलेला रस मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. तिची मद्यशक्ती साधारण 42 टक्के.

नावाचे मूळ 'फेण', म्हणजे फेस, या शब्दात असल्याचे मानतात, आणि जुनी परीक्षाही त्याचीच. फेणी उंचावरून पेल्यात ओतली की बुडबुड्यांची माळ पृष्ठभागावर क्षणभर टिकावी. पाणी मिसळलेल्या फेणीत ते लगेच विरतात. फेणीचा पहिला गंध तीक्ष्ण. मागाहून पिकलेल्या बोंडाचा गोडवा दरवळतो. नुसती जळजळ आणि फळाचा मागमूस नसेल, तर तो माल काजूचा नाही असे खुशाल समजावे.

2009 साली काजूच्या फेणीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. आता प्रश्न एवढाच, की नावाचे रक्षण झाले, पण धीर धरून गळालेली बोंडे वेचणारे हात आणि माडावर चढणारे रेंदेर कमी होत चालले, तर त्या नावाखाली बाटलीत काय उरणार?