निर्दोष सुटलेल्याचे देणे

बिहारमधील मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी एका माणसास निर्दोष सोडले. तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. मधली चौदा वर्षे आणि साडेचार महिने तो कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता? कोणत्याच नाही.

'रुदुल शाह विरुद्ध बिहार राज्य' या नावाने हा खटला कायद्याच्या ग्रंथांत अमर झाला आहे. आपण सरकारी नोकरीत आयुष्य घालविणारी माणसे. तेव्हा या प्रकरणातील फाइलीकडे आपण तरी नीट पाहावे. तो वेडा होता म्हणून सोडता आले नाही, असा सरकारचा बचाव. त्यास आधार काहीच दाखविता आला नाही. उलट, 'हा मनुष्य ठीक आहे' असा सिव्हिल सर्जनचा शेरा १८ फेब्रुवारी १९७७ चा आहे, आणि तीनच दिवसांनी तो विधी खात्यास कळविल्याचे तुरुंगाधिकाऱ्यानेच शपथेवर सांगितले. म्हणजे सरकारचेच म्हणणे खरे मानले, तरी त्यानंतर साडेपाच वर्षे एक कागद पडून होता आणि त्या कागदाखाली एक माणूस पडून होता. कोणी द्वेषाने वागले असे नाही. फक्त कोणी विचारले नाही.

१ ऑगस्ट १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. सरकारने आधी दिलेले पाच हजार धरून एकूण रुपये पस्तीस हजार. दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत! परंतु निकालाचे मोल रकमेत नाही. मूलभूत हक्कांच्या अर्जावर थेट भरपाई देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने येथे प्रस्थापित केले. ही रक्कम तात्पुरती आहे, पुरी भरपाई हवी तर दिवाणी दावा करण्यास मोकळीक आहे, असेही बजावले.

आता हा दिवाणी दावा म्हणजे काय ते पाहा. द्वेषमूलक खटल्याबद्दल नुकसानभरपाई मागायची, तर केवळ निर्दोष सुटणे पुरत नाही. खटला भरण्यास वाजवी कारण नव्हते आणि भरणाऱ्याच्या मनात दुष्ट हेतू होता, ही दोन्ही फिर्यादीनेच सिद्ध करावयाची. मुदत एका वर्षाची, सुटकेच्या निकालापासून. बेकायदा कोंडून ठेवल्याचा दावा असेल तर कोठडी संपल्यापासून, तीही एकच वर्ष. सरकारवर दावा तर आधी दोन महिन्यांची नोटीस; तो काळ मुदतीतून वगळला जातो एवढाच दिलासा. जो घर आणि धंदा गमावून आला आहे, त्याचे पहिले वर्ष भाकरी शोधण्यातच जाते. म्हणून अशा कोणास सल्ला देण्याची वेळ आली, तर पहिले सांगणे हेच: निकालाची प्रमाणित प्रत ताबडतोब घ्या आणि वर्ष मोजा.

दुसरा मार्ग दंडाधिकाऱ्याचा. निष्कारण अटक करविणाऱ्याकडून तो भरपाई देववू शकतो, पण कमाल एक हजार रुपये! १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुने नाव गेले, हजार रुपये तसेच राहिले.

उरतो घटनात्मक अर्ज. तेथे नियम नाही, न्यायपीठाची मर्जी आहे. अवकाशशास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. २०१८ मध्ये त्यांस पन्नास लाख मिळाले. परंतु अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात कित्येक वर्षे तुरुंगात काढून २०१४ मध्ये निर्दोष ठरलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने ती मागणी विचारात घेतली नाही. असे केल्यास घातक पायंडा पडेल, हे कारण.

हीच भीती आपल्या कचेऱ्यांतही ऐकू येते. भरपाई द्यावी लागली तर पोलिस खटलेच भरणार नाहीत, म्हणे! रस्त्यासाठी जमीन घेतली तर सरकार मोबदला देते; म्हणून रस्ते बांधणे थांबले काय? जमिनीच्या तुकड्यास मोबदला आणि माणसाच्या चौदा वर्षांस मेहेरबानी, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? प्रत्येक सुटकेस पैसे द्या असे कोणीच म्हणत नाही. संशयाचा फायदा मिळणे वेगळे आणि खोट्या पुराव्यावर किंवा निव्वळ बेपर्वाईने कोंडले जाणे वेगळे. हा भेद करण्यासाठीच विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात खास न्यायालये आणि भरपाईचा कायदा सुचविला. तो कायदा अद्याप झालेला नाही.

तो होईल तेव्हा होईल. तोवर सुटकेचा हुकूम ज्याच्या टेबलावर येतो, त्याने तो त्याच दिवशी पुढे पाठवावा. १९७७ सालचा तो शेरा कोणत्याही दुष्टाने दडविला नव्हता. तो आपल्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावर होता.