त्यांचे दिवस कामाचे, आपले दिवस सगळेच!



आमच्या पाड्यावरच्या एका आत्याचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने नामंजूर केला. निर्णय झाला त्याच दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ला, मंगळवारी, पत्र तिच्या हातात दिलं. जिल्हास्तरीय समितीकडे अपील करायला साठ दिवस, असं पत्रात छापलं होतं. आत्याने टेबलावरच्या बाबूला विचारलं, "दादा, साठ दिवस म्हंजे कधीपर्यंत?" बाबू म्हणाला, "कामाचे दिवस धरायचे. शनिवार-रविवार नाय, सुट्ट्या नाय. दिवाळी करा, मग या."

आत्याने दिवाळी केली, भातकापणी केली, झोडणी केली. लेकाने कॅलेंडरवर एकेक कामाचा दिवस मोजला आणि ३१ डिसेंबरला दोघं अर्ज घेऊन गेली. तिथे उत्तर मिळालं, "मुदत संपली." बोलणारा बाबू दुसरा होता. पहिला म्हणाला, मी असं बोललोच नाय.

आता हा हिशेब आपण मांडूया, कारण यात आत्याच्या लेकाची मोजणी चुकलेली नव्हती. त्याला नियमच खोटा सांगितला होता.

वनहक्क कायद्यात 'साठ दिवस' लिहिलंय. 'कामाचे साठ दिवस' असं कुठेच लिहिलेलं नाय. कायद्यात नुसतं 'दिवस' लिहिलं की रविवार पण दिवस आणि दिवाळी पण दिवस. ज्या दिवशी निर्णय झाला तो दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. म्हणजे २ ऑक्टोबर हा पहिला दिवस. त्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी होती, तरी तो मोजायचा. ३१ ऑक्टोबरला तीस दिवस झाले. ३० नोव्हेंबरला साठ.

३० नोव्हेंबरला शनिवार होता. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्याच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवारी दार बंद. इथे मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये कलम १० आहे. ते म्हणतं, मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर पुढे ज्या दिवशी ते उघडेल त्या दिवशी दिलेला अर्ज मुदतीतच धरायचा. म्हणून आत्याची खरी शेवटची तारीख सोमवार, २ डिसेंबर. सुट्टीचा फायदा मिळतो तो एवढाच, आणि तो फक्त शेवटच्या दिवसाला. मधल्या सुट्ट्यांचा काही फायदा नाय.

बाबूच्या हिशेबाने काय झालं ते बघा. शनिवार-रविवार सोडले. गांधी जयंती सोडली, १ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन सोडलं. १५ नोव्हेंबर सोडला. ती आपल्या बिरसांची जयंती, पण कार्यालयाला सुट्टी होती गुरुनानक जयंतीची. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, तो सोडला. २५ डिसेंबरचा नाताळ सोडला. दसरा आणि पाडवा शनिवारीच आले होते. असं मोजलं की ३० नोव्हेंबरपर्यंत कामाचे दिवस भरतात फक्त ३९. साठावा कामाचा दिवस येतो ३१ डिसेंबरला.

आता खरी गोम ऐका. वनहक्क नियमांमध्ये २०१२च्या दुरुस्तीने एक सवलत आहे. साठ दिवसांत जमलं नाय तर समिती आपल्या अधिकारात आणखी तीस दिवस वाढवून देऊ शकते. साठ आणि तीस, नव्वद. नव्वदावा दिवस होता ३० डिसेंबर, सोमवार, कार्यालय उघडं. आत्या गेली ३१ला. म्हणजे बाबूचा शब्द पाळून ती सवलतीच्याही एक दिवस बाहेर पडली. आदल्या दिवशी गेली असती तर निदान विनंती तरी करता आली असती.

एका दिवसाने काय होतं, असं कोणी म्हणेल. नामंजूर दाव्याचं काय करतात ते आपण पाहिलंय. १३ फेब्रुवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाने नामंजूर दावेदारांना जमिनीवरून काढायला सांगितलं होतं. देशभर आदिवासी उठले आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. ज्याचं अपील चालू आहे त्याची तपासणी अजून संपलेली नाय, आणि ती संपेपर्यंत त्याला उठवता येत नाय. ज्याची मुदत गेली त्याच्या हातात काय उरतं?

आता त्यांची बाजू बघा. सुनावणीची तारीख दावेदाराला आणि ग्रामसभेला किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवायची, गावात नोटीस लावायची, असा नियम आहे. इथे पण नुसतं 'दिवस' आहे. आत्याच्या उपविभागीय सुनावणीची नोटीस आली ती नऊ दिवस आधी. विचारलं तर म्हणाले, मधे सुट्ट्या होत्या, कामाचे दिवस धरावे लागतात. म्हणजे त्यांना उशीर झाला की दिवस कामाचे, आणि आपल्याला उशीर झाला की दिवस सगळे! एकाच कायद्यातला एकच शब्द. सुट्टीत काम होत नाय हे आम्हाला पटतं. मग नोटीस सुट्टीच्या आधी काढा नायतर सुनावणीची तारीख पुढची द्या. पंधराचे नऊ करू नका.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, मग सगळ्यांनाच कामाचे दिवस लागू करा अशी मागणी करू, आपल्याला जास्त वेळ मिळेल. मला हे पटत नाय. कामाचा दिवस कोणता हे ठरवतं कोण? जिल्हाधिकारी दरवर्षी स्थानिक सुट्ट्या देतात, त्या शेजारच्या जिल्ह्यात नसतात. वर मी त्या धरल्याच नाहीत, धरल्या तर तारीख अजून सरकते. पोस्ट शनिवारी उघडं, तहसील बंद. सुट्ट्यांची यादी त्यांच्या कपाटात आणि कॅलेंडर आपल्या कुडावर. जे मोजणं आपल्याला घरी बसून तपासता येतं तेच आपल्या कामाचं. कुठल्या कायद्यात किंवा आदेशात 'कामाचे दिवस' असं स्पष्ट लिहिलं असेल तर तसं मोजू, पण ती ओळ आधी आम्हाला दाखवा.

म्हणून आपली मागणी एकच आणि साधी आहे. प्रत्येक नामंजुरीच्या पत्रावर 'साठ दिवस' लिहून थांबू नका. शेवटची तारीख आणि वार लिहा, खाली सही करा. मग कोणत्याही बाबूला तोंडी काही सांगायला जागा उरणार नाय.

तोपर्यंत पत्र घेताना त्यावर मिळाल्याची तारीख लिहून घ्या. पत्र उशिरा मिळालं तर तेवढंच भांडायला कामाला येतं, पण मोजणी मात्र निर्णयाच्या तारखेपासूनच धरा. निर्णयाचा दिवस सोडून साठ बोटं मोजा, रविवारासकट. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आत्याने उशीर का झाला ते लिहून जिल्हा समितीकडे अर्ज टाकलाय, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडलाय. पण बाबूचं बोलणं हवेत गेलं, कागद नाय. तुमच्या बाबतीत असं होऊ देऊ नका.

जोहार!